"संध्याकाळी बोलायचंय" एवढा मेसेज केला तरी बायको गोठते: लहानपणी घरात दहशत असलेल्या माणसाशी कसं वागायचं?

सावळागोंधळ

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. आयडी नवीन आहे, गावं आणि काही तपशील बदललेत.

लग्नाला काही वर्षं झालीत, दोघंही नोकरी करतो. बायको बँकेत आहे, ऑडिट आलं की अख्खी शाखा हिच्याकडे बघते, म्हणजे बाहेर एकदम खंबीर. घरात मात्र वेगळंच चालतं. मागच्या महिन्यात मी दुपारी मेसेज टाकला, "संध्याकाळी जरा बोलायचंय." विषय काय तर सोसायटी पार्किंगचे पैसे वाढवतेय तर दुसरी गाडी ठेवायची की विकायची. ही नेहमीपेक्षा लवकर घरी आली, मी पोचलो तर तीन भाज्या, कोशिंबीर, वर शिरा. चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नाही. मी पार्किंगचं बोलायला लागलो तर म्हणाली "सॉरी, माझंच चुकलं." काय चुकलं विचारलं तर सांगता येईना. मग झोपायला गेली आणि पुढचे दोन दिवस हो-नाही एवढंच.

असं नेहमीचं आहे. मॅच बघताना मी ओरडलो की ही बाथरूममध्ये. कौतुक केलं की "उगाच काहीतरी" म्हणून विषय बदलते. आणि दर थोड्या दिवसांनी "तू एक दिवस जाणारेस, मला माहितीये" हे वाक्य.

सासरे निवृत्त शिक्षक, गावात प्रचंड मान. घरी मात्र त्यांची गाडी दारात वाजली की दोघं भावंडं आधी आवाजावरून मूड ओळखायची. मारायचे फार नाहीत असं तीच सांगते. पण ताट भिरकावणं, रात्री अंगणात उभं करणं, चार-चार दिवस कोणाशी न बोलणं, आणि मग अचानक एके दिवशी जिलेबी घेऊन येणं. सासूबाई गप्प. धाकट्या भावाला हीच सांभाळायची.

डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या, झोप सुधारली, पण बाकी आहे तसंच. नंतर एका कौन्सेलरने "कॉम्प्लेक्स ट्रॉमा" असा शब्द वापरला. माझे प्रश्न दोनच. त्या क्षणी मी नेमकं काय करायचं? आणि सासऱ्यांची पंच्याहत्तरी येतेय, सासूबाईंचे फोन सुरू झालेत, जायचं का?

बाबूराव_पेन्शनर

आमच्या वेळी वडील छडी घेऊनच असायचे, आम्ही कुठे गोठलो? मास्तर लोक कडकच असतात. तुम्ही नवराबायको चार दिवस कोकणात जाऊन या, मोबाइल बंद ठेवा, रुसवा आपोआप जाईल. संसारात हे चालायचंच.

मृण्मयी_

बाबूराव, ते रुसव्याबद्दल विचारत नाहीयेत हो.

सागो (एवढा मोठा आयडी कोण टाइपणार), बायकोला माहितीये का तुम्ही इथे लिहिलंय ते? तिच्या घरातल्या गोष्टी आहेत म्हणून विचारते.

सावळागोंधळ

हो, विचारूनच लिहिलंय. म्हणाली "लिही, मी नाही वाचणार."

निशिगंधा_क

फॅमिली कौन्सेलिंगमध्ये बरीच वर्षं काम करतेय म्हणून लिहिते. नेटवर निदान करत नाही, पण जे वर्णन केलंय ते माझ्या ओळखीचं आहे.

"मारायचे फार नाहीत" हे बऱ्याच जणी सांगतात आणि पुढे स्वतःच म्हणतात की मग मला एवढं व्हायला नको. नुकसान नुसत्या माराने होत नाही. ज्या माणसाची भीती वाटते त्याच माणसाकडे आसऱ्याला जायचंय, दुसरं घर नाही, आणि आज ताट उडेल की जिलेबी येईल याचा पत्ता नाही, अशात वर्षानुवर्षं वाढलं की मूल एकच काम शिकतं, समोरच्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायचं. गाडीच्या आवाजावरून मूड ओळखणं ही त्या घरात अत्यंत उपयोगाची विद्या होती. ती अजून चालूच आहे, फक्त आता समोर तुम्ही आहात. "बोलायचंय" हा बिनविषयाचा मेसेज म्हणजे तिच्यासाठी दारात वाजलेली गाडी. तीन भाज्या आणि शिरा हा त्यावरचा तिचा जुना उपाय, समोरचा चिडायच्या आत त्याला खूश करून टाकायचं.

आता "माझंच चुकलं" हे कुठून येतं ते बघा. सात-आठ वर्षांच्या मुलाला "माझे बाबाच बेभरवशाचे आहेत" हे मान्य करणं परवडत नाही, कारण मग आशाच संपते. त्यापेक्षा "मीच वाईट आहे" हे सोपं जातं, कारण मी सुधारले तर बाबा नीट वागतील. तेवढ्या आशेची किंमत म्हणून मूल स्वतःबद्दलचं वाईट मत घेऊन मोठं होतं. म्हणून तुमचं कौतुक आत जात नाही. ते आत गेलं तर सगळा जुना हिशेब मोडायला लागेल.

निदानाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, कॉम्प्लेक्स पीटीएसडी हा आघातानंतरच्या ताणाचा विकार वेगळा दिलाय. त्यात पीटीएसडीची नेहमीची लक्षणं, म्हणजे घडलेलं आत्ता घडतंय असं होणं, त्यापासून पळणं आणि सतत सावध राहणं, ही तर हवीतच, वर भावना आवरता न येणं किंवा एकदम बधीर होणं, स्वतःबद्दल कायम हीन वाटणं, आणि जवळच्या नात्यात टिकता न येणं ही तीनही हवीत. मानसिक आजारांच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये, डीएसएममध्ये, हे वेगळं निदान नाहीच. त्यामुळे एक डॉक्टर डिप्रेशन म्हणतो, दुसरा अँक्झायटी, तिसरी कोणी कॉम्प्लेक्स ट्रॉमा, आणि तिघंही आपापल्या जागी खोटं बोलत नसतात. डिप्रेशन सोबत असू शकतंच.

ध्यानमग्न

खूप छान प्रतिसाद ताई. थोडी भर घालतो. लहानपणीच्या ट्रॉमाने कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढून मेंदू कायमचा डॅमेज होतो हे सिद्ध झालंय, एसीई स्कोर म्हणून लहानपणीच्या वाईट अनुभवांचे दहा प्रश्न असतात, चार किंवा जास्त आला की आयुष्यभर त्रास. वहिनींचा स्कोर काढा आधी. आणि इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करायला लावा, माझं आयुष्य बदललंय. वडिलांना माफ केल्याशिवाय आतलं मूल बरं होत नाही हे मात्र नक्की.

निशिगंधा_क

ध्यानमग्न, ताण खूप काळ राहिला की शरीराच्या ताणाच्या यंत्रणेवर परिणाम होतो इथपर्यंत बरोबर. "कायमचा डॅमेज" नाही. माणसं चाळिशीत, पन्नाशीत बदललेली मी पाहिलीत, आणि हे वाक्य ऐकून उपचार सोडून दिलेलीही पाहिलीत.

एसीईचा तो अभ्यास अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा, फेलिटी आणि अँडा यांनी १९९८ साली छापला. हजारो लोकांच्या गटात अशा अनुभवांचा पुढच्या आजारांशी संबंध दिसतो हे त्यातून कळलं आणि ते महत्त्वाचंच होतं. पण एका माणसाचं भविष्य त्या आकड्यावरून सांगू नका असं खुद्द अँडा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलं. साधं बघा ना, त्यात किती प्रकारचं घडलं ते मोजतात, किती वेळा, कितव्या वर्षी आणि तेव्हा जवळ कोणी होतं का हे मोजतच नाहीत. सागोंच्या बायकोचा स्कोर कमीही येईल आणि मग ती म्हणेल, बघ मला उगाचच होतंय.

विपश्यनेने तुम्हाला बरं वाटलं, आनंद आहे. पण जी बाई ताण आला की गोठते तिला दहा दिवस मौन, डोळे मिटून शरीराकडे लक्ष, बोलायला ओळखीचं कोणी नाही, हे झेपेलच असं नाही. काहींना त्यातच जुनं सगळं एकदम वर येतं. तिथल्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगीच नाही. उपचार करणाऱ्याला विचारल्याशिवाय नको.

माफीचं म्हणाल तर ती अट नाही. कोणाला करावीशी वाटते, कोणाला नाही, दोघंही बरे होतात.

ध्यानमग्न

माफीबद्दल असहमत आहे पण ठीक. राग धरून कोणी सुखी झालेलं मी तरी पाहिलं नाही.

घाटावरची_जाई

मी त्या वहिनींच्या जागेवरून लिहिते. माझ्या बाबतीत आई होती.

लोकांना वाटतं की आपल्याला डोळ्यांसमोर जुना प्रसंग दिसतो, सिनेमात दाखवतात तसा. मला काहीच दिसत नाही. फक्त वय कमी होतं. मी चाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि एका सेकंदात नऊ वर्षांची होते, पोटात खड्डा, कान गरम, आणि पक्की खात्री की आता सगळं संपलं. चित्र नसल्यामुळे हे जुनं आहे हे कळतच नाही, वाटतं की आत्ताच काहीतरी भयंकर झालंय आणि ते मीच केलंय.

मागे नवऱ्याचा आवडता कप फुटला माझ्याकडून. तो घरीच होता, पलीकडच्या खोलीत. मी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून ऑफिसच्या बॅगेत टाकले, रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकू म्हणून, आणि मग विसरले. आठवड्याने त्याला चार्जर शोधताना सापडले. माणूस हसलाही नाही आणि "वेडी आहेस का" पण म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "कप फुटला होय. हात नाही ना कापला?" मी तासभर रडले. त्याला अजून वाटतं त्याचंच काहीतरी चुकलं.

सांगायचं एवढंच की सागो, ते दोन दिवसांचं गप्प राहणं तुम्हाला शिक्षा वाटत असेल. माझं तरी तसं नसतं. बोलायला शब्दच नसतात, आणि वर लाज वाटत असते की साध्या पार्किंगवरून आपण असं केलं.

तर्कट

थोडं कडू लिहितो. हल्ली रील्स बघून प्रत्येकाला ट्रॉमा असतो. आईने भेंडी खायला लावली, ट्रॉमा. बॉस ओरडला, ट्रॉमा. या बाई नोकरी करतात, ऑडिट सांभाळतात. मग घरात तेवढं गोठायला होतं? हे सोयीस्कर नाही का?

मृण्मयी_

"सोयीस्कर" शब्द फारच लागला मला. कोणाला आवडेल पार्किंगचं बोलणं टाळायला तीन भाज्या करायला?

निशिगंधा_क

तर्कटांचा पहिला मुद्दा मान्य आहे, शब्द फार स्वस्त झालाय. वाईट आठवण असणं वेगळं आणि हे वेगळं. मी बघते ते असं, की आजच्या लहानशा कारणाला येणारी प्रतिक्रिया त्या कारणाच्या मानाने खूप मोठी आहे का, ती वर्षानुवर्षं तशीच आहे का, आणि त्यामुळे नातं, काम, झोप यातलं काही मोडतंय का.

ऑफिसात खंबीर आणि घरी गोठणं यात विसंगती नाहीच. ऑडिटरशी जिवाभावाचं नातं नसतं. धोका जिथे लहानपणी होता, म्हणजे जवळच्या माणसाकडून, तिथेच ही यंत्रणा पेटते. उलट बाहेर अति चोख असणं हा त्याच सावधपणाचा भाग असतो कित्येकदा.

सावळागोंधळ

जाई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला (फक्त तुमचा). कपाचं ऐकून उठून आत गेली, थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "मी वह्या लपवायचे." एवढंच.

निशिगंधाताई, कारणं पटली. पण प्रत्यक्षात काय करू? मी आत्तापर्यंत "अगं काही नाही झालं, शांत हो, मी काय तुझा बाप आहे का" हेच म्हणत आलोय.

निशिगंधा_क

सावकाश लिहिते, मोठं होईल. पार्किंगचीच संध्याकाळ घेऊ.

मेसेजपासून सुरुवात. "संध्याकाळी बोलायचंय" ऐवजी "सोसायटीने पार्किंग वाढवलंय, दुसरी गाडी ठेवायची का ते जेवणानंतर दहा मिनिटं बोलू" असं लिहा. विषय, किती वेळ, कधी. "टेन्शन घेऊ नको" लिहू नका, त्याने टेन्शन घेण्यासारखं काहीतरी आहे एवढंच कळतं. हे तिचे लाड नव्हेत. अंदाज न येणं हाच तिचा मूळ धोका आहे, तो तुम्ही काढून घेताय.

समजा तरीही तुम्ही घरी आलात आणि चेहरा कोरा आहे. आधी बघा ती कुठल्या अवस्थेत आहे, कारण दोन्हीचं वेगळं असतं. एक म्हणजे पेटलेली, भराभर बोलणं, येरझारा, हात थरथरणं, भांडणही. दुसरी म्हणजे विझलेली, नजर एका जागी, उत्तर उशिरा, आवाज सपाट. तुम्ही वर्णन केलीत ती दुसरी. पेटलेल्या माणसाला हळू बोलणं, बसणं, सावकाश श्वास याचा उपयोग होतो. विझलेल्या माणसाला "डोळे मिट आणि खोल श्वास घे" सांगितलं तर ते आणखी आत जाऊ शकतं. त्याला बाहेर, आत्ताच्या खोलीत आणायचं असतं. डोळे उघडे, पाय जमिनीवर, दिवा लावा, हातात गार पाण्याचा ग्लास द्या, साधं काहीतरी दाखवा.

तुम्ही बसा, उभं राहून बोलू नका, आणि दाराच्या वाटेत बसू नका. पाठीमागून जाऊन हात लावू नका, जवळ घ्यायचं तर विचारा. "का", "कशामुळे" हे प्रश्न त्या वेळी नकोत, तिला उत्तर माहीत नाही आणि उत्तर न येणं हीच तिच्यासाठी परीक्षेत नापास होण्याची वेळ असते. सरळ, लहान वाक्यं: "मी रागावलेलो नाहीये. पार्किंगचं उद्या बोललं तरी चालेल. मी इथे हॉलमध्ये आहे. तुला एकटं बसायचंय की मी इथे बसू?" दोनच पर्याय, आणि ती जे म्हणेल ते करायचं. एकटं बसायचं म्हणाली तर दर पाच मिनिटांनी डोकावायचं नाही.

धीर एकदाच द्या. "मी नाही जाणार, मी नाही जाणार" दहा वेळा सांगितलं की दहाव्यालाही पुरत नाही, आणि अकराव्यांदा तुम्ही वैतागून जे बोलता तेच तिला खरं वाटतं. "मी काय तुझा बाप आहे का" हे वाक्य मात्र बंदच करा. त्या क्षणी तिच्या वडिलांना तुम्ही खोलीत बोलावता, शिवाय ते तुम्ही चढ्या आवाजात म्हणत असणार.

सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक नवरे उलटं करतात. तुम्ही खरंच चिडलेले असाल तर "काही नाही" म्हणू नका. ती चेहरे वाचण्यात तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहे. तिला राग दिसतोय आणि तुम्ही नाही म्हणताय, म्हणजे लहानपणीसारखंच झालं. "हो, ऑफिसचं डोक्यात आहे, चिडचिड होतेय, तुझ्याशी संबंध नाही, अर्धा तास फिरून येतो, साडेआठला परत" असं सांगा, आणि साडेआठला या. राग आला, बोलून दाखवला, ताट उडालं नाही, माणूस वेळेवर परत आला. भरवसा हा असाच बसतो, उपदेशाने बसत नाही. आणि कधी आवाज चढलाच, तर नंतर स्वतः जाऊन म्हणा, "मघाशी मी ओरडलो, ते बरोबर नव्हतं." पुढे "पण तू पण" जोडायचं नाही. त्या घरात ताट भिरकावल्यावर कोणी येऊन असं म्हटलेलं नसतं, जिलेबी आणून विषय मिटवलेला असतो.

कौतुक करताना "तू ग्रेट आहेस" ऐवजी जे दिसलं तेवढंच. "भावाच्या कॉलेजचा फॉर्म तू एका संध्याकाळीत पुरा केलास." याला ती "उगाच" म्हणू शकत नाही, ते घडलेलं आहे.

घाटावरची_जाई

साडेआठचं शंभर टक्के. आमच्याकडे नुसता उशीर होणार असेल तरी तो एक ओळ टाकतो. लोक हसतात त्याला.

कंपाउंडर_नव्हे

मानसोपचार शिकतोय, म्हणून औषधांपुरतं. गोळ्यांनी "बाकी तसंच" राहिलं म्हणून त्या फुकट नाहीत. सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटीनसारख्या गोळ्या पीटीएसडीत वापरतात, झोप, दचकणं, उदासी खाली आली की माणूस थेरपीत बसू शकतो. भरवसा आणि स्वतःबद्दलचं मत याला गोळी नाही. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. आणि झोपेसाठी अल्प्राझोलॅमसारखं काही मेडिकलवाल्याकडून परस्पर सुरू ठेवत असाल तर ते आधी सांगा, सवय लागते आणि पीटीएसडीत त्याचा फायदा दिसत नाही.

थेरपीबाबत आमच्यातच एकमत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली तीन टप्पे मांडले, आधी सुरक्षितता आणि भावना सावरायला शिकणं, मग आठवणींवर काम आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. बरेच जण अजून त्याच क्रमाने जातात. दुसरा गट म्हणतो की पहिल्या टप्प्यात वर्षानुवर्षं अडकवून ठेवणं म्हणजे पेशंटला "तुला झेपणार नाही" सांगणं, थेट आठवणींवर काम करणारी थेरपी, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली वापरणारी ईएमडीआर किंवा विचार-वागणुकीवर काम करणारी ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, लवकर सुरू करावी. मला स्वतःला दुसरी बाजू पटायला लागलीये.

निशिगंधा_क

मला पहिली, निदान जिथे माणूस अशी गोठते तिथे. पण वाद खरा आहे. निवडताना थेरपिस्टला सरळ विचारा, लहानपणीच्या ट्रॉमाचं काम केलंय का, कुठल्या पद्धतीने करता, आणि सेशनमध्ये मी बधीर झाले तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नाला ठोस उत्तर आलं पाहिजे. पहिल्याच भेटीत सगळं सविस्तर सांगायला लावणारा आणि नंतर त्याच अवस्थेत रिक्षात बसवून देणारा असेल तर बदला. आणि सागो, घरी तुम्ही आठवणी खोदू नका. "वह्या लपवायचे" म्हणाली, तुम्ही ऐकलंत, पुरे. पुढचं ती सांगेल तेव्हा.

आणखी एक. ट्रॉमाने तिचं गप्प होणं समजतं, पण तुम्हाला त्याचा त्रास होत नाही असं नाटक करायची गरज नाही. ती सावरलेली असताना म्हणा, "दोन दिवस तू बोलत नाहीस तेव्हा मला एकटं पडल्यासारखं वाटतं. बोलता येत नसेल तर निदान चिठ्ठी ठेवशील?" ती नाही म्हणाली तरी तुम्ही मागितलंत. काही घरांत फ्रिजवर नुसता ठरलेला चुंबक खाली सरकवतात, म्हणजे आज बोलता येत नाहीये, तुझ्यावर राग नाही.

तर्कट

हे चुंबकाचं आवडलं. मी आमच्याकडेही सुचवणार आहे, ट्रॉमा नसला तरी.

बाबूराव_पेन्शनर

सगळं वाचलं. पंच्याहत्तरीला मात्र जावंच. बाप आहे तो, उद्या राहिला नाही तर जन्मभर टोचणी लागेल पोरीला.

मृण्मयी_

आणि गेली आणि तिथे सगळ्या गावासमोर "आदर्श पिता" म्हणून भाषणं ऐकली तर टोचणी लागणार नाही?

घाटावरची_जाई

मी दोन्ही करून बघितलंय, जाणं आणि न जाणं. सोपं कुठलंच नाही. जायचं असेल तर स्वतःची गाडी, मुक्काम लॉजवर, माहेरी नाही. किती वाजता निघायचं ते आधी ठरलेलं आणि सगळ्यांना आधी सांगितलेलं. आमचं एक वाक्य ठरलंय, मी नवऱ्याला "गोळी घेतलीस का" विचारलं की पाच मिनिटांत निघायचं, कारण विचारायचं नाही. स्टेजवर जायचं नाही, भाषण करायचं नाही हे आयोजकांना फोनवरच सांगून टाकायचं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

पण सागो, जायचं की नाही हे तुम्ही ठरवू नका. "आपण नाही जायचं, मी तुला त्रास होऊ देणार नाही" हेसुद्धा नाही. घरात एक माणूस सगळ्यांसाठी ठरवायचा, तेच पुन्हा होतं.

निशिगंधा_क

+१ जाईला. एकच भर. पंच्याहत्तरीआधीच्या दिवसांत ती जास्त गोठेल किंवा झोप उडेल, तेव्हा घाबरू नका. मात्र जगणं नकोसं झाल्याची भाषा आली किंवा स्वतःला इजा करण्याचं काही दिसलं तर कार्यक्रम गेला खड्ड्यात, लगेच डॉक्टर. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ नंबर चोवीस तास असतो, मराठीतही बोलतात.

सावळागोंधळ

काल विचारलं. दोन पर्यायांत विचारलं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे, आता ठरवायचं की दिवाळीनंतर. म्हणाली दिवाळीनंतर. मग स्वतःहून म्हणाली की तिला बाबांसाठी नाही, आईसाठी जावंसं वाटतंय, आणि आईचाच राग जास्त येतो, हे कोणाला सांगायचीही लाज वाटते. मी काही बोललो नाही, काय बोलायचं कळलंच नाही खरं तर.

घाटावरची_जाई

बरं केलंत. मारणाऱ्यापेक्षा बघत बसणाऱ्याचा राग जास्त येतो, तो खूप उशिरा येतो. माझा बाबांवरचा अजून संपलेला नाही.

सावळागोंधळ

आणि सासूबाईंचे फोन रोज येतायत, आता मलाच करतात, "तुम्ही तरी समजवा तिला." दिवाळीपर्यंत त्यांना काय सांगू? त्यांच्यावर चिडावंसं वाटत नाही, त्याही त्याच घरात राहिल्यात.

निशिगंधा_क

"ती ठरवेल तेव्हा ती स्वतः तुम्हाला फोन करेल, मी मध्ये पडत नाही." रोज हेच वाक्य, शब्दही न बदलता. आणि फोन आला होता हे बायकोला त्याच दिवशी सांगा, काय बोललात तेही. लपवलंत आणि नंतर कळलं तर आत्तापर्यंत बसलेला भरवसा जाईल. सासूबाईंना वेगळं कोणी बोलायला हवंय का, हा प्रश्न मलाही पडलाय, पण तो तुमच्यामार्फत नको. त्यांचा मुलगा त्यांच्याशी बोलतो का?

सावळागोंधळ

मेव्हणा पुण्यात असतो, वर्षातून एकदा जातो, गणपतीला. त्याने तर कार्यक्रमाचं हॉल बुकिंग केलंय. त्याच्याशी या विषयावर कधी बोलणंच झालेलं नाही. बायकोला विचारून त्याला फोन करतो.